लहान खोलीचा एसी: इन्व्हर्टर घ्यावा की साधा?

मे महिना आला की आमच्याकडे एकाच विषयाची पत्रे येऊ लागतात. यंदा मालेगावच्या एका भगिनीने लिहिले आहे: "दहा बाय अकराची बेडरूम आहे. वर गच्ची. दोन वर्षांचा मुलगा उकाड्याने रात्रभर झोपत नाही. दुकानदार म्हणतो इन्व्हर्टर एसी घ्या, बिल निम्मे येईल. भाईजान म्हणतात साधा घ्या, चार हजार वाचतील आणि दुरुस्तीही स्वस्त. आम्ही कोणाचे ऐकावे?"

दोघांच्याही म्हणण्यात थोडे खरे आहे. पण उत्तर दुकानात मिळणार नाही. ते एसीवर चिकटवलेल्या लेबलावर आणि आपल्या घरच्या वीजबिलावर आहे. दोन्ही कसे वाचायचे ते या वेळी पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. वीज गेल्यावर बॅटरीवर पंखा चालवणारा घरातला इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टर एसी यांचा एकमेकांशी संबंध नाही. वीज गेली की इन्व्हर्टर एसीसुद्धा बंदच पडतो. फरक आहे तो बाहेरच्या युनिटमधल्या कॉम्प्रेसरमध्ये. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो. खोली थंड झाली की तो बंद पडतो, तापली की पुन्हा पूर्ण जोराने सुरू होतो. एक टनाचा असेल तर चालू असताना साधारण एक हजार वॅट घेतो. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर सुरुवातीला जोरात पळतो आणि खोली थंड झाली की बंद न पडता वेग कमी करतो. तेव्हा तो तीनशे-चारशे वॅटवरही काम भागवतो. कमी वेगाने चालताना तेवढ्याच थंडाव्याला वीज कमी लागते. त्याची बचत होते ती इथे.

थंडाव्यातला फरक रात्री झोपल्यावर कळतो. साध्या एसीत कॉम्प्रेसर बंद पडला की खोली हळूहळू तापते, मग खट्‌ असा आवाज होऊन पुन्हा गार झोत सुरू होतो. कोणी चादर ओढते, कोणी फेकते. इन्व्हर्टरमध्ये तापमान बरेच स्थिर राहते आणि आवाजही कमी होतो. तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असलेल्या घरात या स्थिरतेला मोल आहे. ते पैशात मांडता येत नाही, पण हिशेबात धरले पाहिजे.

आता स्टारकडे वळू. लेबलावर ताऱ्यांच्या शेजारी एक आकडा असतो, त्याचे नाव ISEER. एक युनिट वीज खाऊन हा एसी संपूर्ण हंगामात सरासरी किती युनिट उष्णता खोलीबाहेर काढतो, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका मोठा, तितकी वीज कमी. तारे याच आकड्यावरून ठरतात, आणि 2018 पासून साध्या आणि इन्व्हर्टर एसीला एकच तक्ता लागू आहे. म्हणजे इन्व्हर्टरची बचत त्या आकड्यात आधीच धरलेली असते. "थ्री स्टार आहे, शिवाय इन्व्हर्टर आहे, म्हणून बिल आणखी निम्मे होईल" असे कोणी सांगितले, तर तो एकच बचत दोनदा मोजतो आहे.

तारे मोजताना सालही पाहावे, कारण तक्ता दर काही वर्षांनी कडक होतो. जुलै 2022 पूर्वी स्प्लिट एसीला 4.5 आकड्यावर पाच तारे मिळत. त्यानंतर पाच ताऱ्यांसाठी 5 आकडा लागू लागला. म्हणून जुन्या साठ्यातला फाइव्ह स्टार आणि नवा फोर स्टार एकाच ताकदीचे असू शकतात. तारे बाजूला ठेवून आकडाच वाचावा, हे बरे.

त्याच लेबलावर वर्षाला लागणारी युनिट छापलेली असतात. ती 1600 तासांच्या वापरावर काढलेली असतात. आपण काही बरोबर 1600 तास एसी लावत नाही, म्हणून त्या युनिटांना 1600 ने भागावे. तासाला सरासरी किती युनिट लागतील ते मिळते.

मालेगावच्या भगिनीने दुकानातल्या तीन एक-टनी एसींची माहिती पाठवली आहे. साधा एसी, आकडा 3.5, वर्षाला 720 युनिट, किंमत 27 हजार. इन्व्हर्टर, आकडा 3.9, 645 युनिट, किंमत 31 हजार. तिसराही इन्व्हर्टर, आकडा 5.1, 495 युनिट, किंमत 38 हजार. 1600 ने भागले की तासाला अनुक्रमे 0.45, 0.40 आणि 0.31 युनिट येतात.

आता वापर पाहू. त्यांच्याकडे एसी रात्री दहाला लागतो आणि फजरला उठले की बंद होतो. सात तास धरू. मार्च ते जून अशा 120 रात्री म्हटल्या, तर 840 तास झाले. साध्याला 378 युनिट, पहिल्या इन्व्हर्टरला 336 आणि दुसऱ्याला 260 लागतील.

युनिटचा दर मात्र नीट धरावा. बरेच जण बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट करतात. तसे करू नये. महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते: 100 पर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा. पंखा, दिवे, फ्रिज तर आधीपासून चालतच असतात. एसीची युनिटे त्यांच्यावर जाऊन बसतात, म्हणजे आपल्या सर्वांत वरच्या, महाग टप्प्यात पडतात. तो दर घ्यावा आणि त्यात वहन आकार व वीज शुल्कही मिळवावे. या घरासाठी आम्ही सगळे मिळून 13 रुपये धरले आहेत. आपल्या बिलावरचा आकडा वेगळा असेल, तर तोच घालावा.

साध्या एसीपेक्षा पहिला इन्व्हर्टर वर्षाला 42 युनिट, म्हणजे सुमारे 550 रुपये वाचवतो. जास्तीचे चार हजार वसूल व्हायला सात वर्षे लागतील. दुसरा 118 युनिट, म्हणजे सुमारे 1,530 रुपये वाचवतो. त्याचे जास्तीचे अकरा हजार सुटायलाही सात वर्षेच. बिल निम्मे होईल हे दुकानदाराचे म्हणणे इथे टिकत नाही.

याच भगिनीची नणंद छत्रपती संभाजीनगरला राहते. तिची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. तिथे एसी दुपारी आणि रात्री मिळून चौदा तास, वर्षात 150 दिवस चालतो. एकूण 2100 तास. हेच तीन एसी तिथे अनुक्रमे 945, 840 आणि 651 युनिट घेतील. साधा आणि 5.1 आकड्याचा इन्व्हर्टर यांच्यात 294 युनिटांचा, म्हणजे सुमारे 3,800 रुपयांचा फरक पडतो. अकरा हजार तीन वर्षांच्या आत सुटतात. शिवाय त्या घराचा बाकीचा वापर महिन्याला 160 युनिट आहे. साध्या एसीने महिन्याचा आकडा 349 वर जातो आणि 300 च्या वरची युनिटे महाग टप्प्यात पडतात. 5.1 च्या इन्व्हर्टरने तो 290 वर थांबतो. म्हणजे खरी बचत याहूनही जास्त.

उलट पाहुण्यांच्या खोलीत वर्षाला दीडशे तास एसी लागत असेल, तर फरक 21 युनिटांचा, पावणेतीनशे रुपयांचा. तिथे साधा एसी पुरे. एकच यंत्र एका घरात फायद्याचे आणि दुसऱ्यात तोट्याचे ठरते, ते तासांमुळे.

भाईजानचा दुरुस्तीचा मुद्दाही खरा आहे. साध्या एसीत बहुधा कपॅसिटर जातो, तो काही शे रुपयांत बदलता येतो. इन्व्हर्टरच्या बाहेरच्या युनिटमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड असते, दुकानदार त्याला पीसीबी म्हणतात. ते जळले की खर्च हजारांत जातो आणि अनेक वर्षांची बचत एका दिवसात संपते. म्हणून कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीवर समाधान मानू नये. पीसीबीची वॉरंटी किती वर्षांची ते बिलावर लिहून घ्यावे. संध्याकाळी ट्यूबलाइट लपलपत असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज मोजून घ्यावे आणि एसीच्या खोक्यावर लिहिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावे. त्याखाली जात असेल तर स्टॅबिलायझर हवाच.

मापाचाही प्रश्न असतो. "गच्चीखाली आहे, दीड टन घ्या" असा सल्ला मिळतो. 110 चौरस फुटांना एक टन सहसा पुरतो. फार मोठा इन्व्हर्टर लहान खोलीत आपला वेग पुरेसा खाली आणू शकत नाही आणि साध्यासारखाच चालू-बंद होत राहतो. फक्त एक टन म्हणून विकल्या जाणाऱ्या एसींची क्षमताही सारखी नसते. कुठे 3,300 वॅट, कुठे 3,500. वर गच्ची असेल, तर लेबलावर मोठी क्षमता असलेला घ्यावा.

घरी आणल्यावर इन्व्हर्टर खरेच वेग कमी करतो का, हे मीटरवर पाहता येते. एसी लावून तास-दीड तास झाला की घरातले बाकी सगळे बंद करावे. मीटरवरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. मीटरवर 3200 imp/kWh असे छापले असेल, तर मिनिटाला 53 लुकलुक म्हणजे एक हजार वॅट आणि 21 म्हणजे चारशे. तासाभरानंतरही पन्नाशीच्या आसपासच असेल, तर एसीला उसंत मिळत नाही. बहुतेक वेळा कारण घरातच सापडते: रिमोटवर 18 लावलेले असते, दाराखाली फट असते, किंवा जाळी धुळीने भरलेली असते. खोली 18 पर्यंत कधी पोहोचतच नाही, म्हणून इन्व्हर्टरसुद्धा रात्रभर पूर्ण वेगाने पळतो. 2020 पासून नवे एसी सुरू होताना 24 वर येतात. तिथेच ठेवून मंद पंखा लावावा. जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवावी.

मालेगावच्या भगिनीला आम्ही कळवले: 3.9 चा एक टनी इन्व्हर्टर घ्या, पण बिल निम्मे होईल या आशेने नको. जास्तीचे चार हजार मुलाच्या सलग झोपेसाठी मोजा. 5.1 साठी लागणारे आणखी सात हजार सध्या हातात ठेवा, त्यातून गरज असेल तर स्टॅबिलायझर घ्या आणि गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्या. नणंदेला मात्र 5.1 चाच घ्यायला सांगा.