पत्र्यावरची सळई नको, आधी जमिनीखालचं बघा

पहिल्या पावसाच्या आधी वीज कडाडायला लागली की आपल्या झाईत सगळे म्हणतात, पत्र्याची शेड वीज ओढते. मला हे पटत नाही. वीज उंच वस्तूवर पडते. पत्रा असो की कौल, ती पडली तर तिला जमिनीत जायला वाट पाहिजे, एवढंच.

माझ्या चिकूच्या शेडवर सोलर बसवला तेव्हा फिटरने दीड मीटरचा पाईप वाळूत ठोकला आणि म्हणाला, झालं अर्थिंग. मे महिन्यात ओळखीच्या वायरमनकडून मीटर लावून घेतला, तर 60 ओहम! विजेसाठीच्या अर्थिंगचा आकडा 10 च्या आत हवा. कोरडी वाळू वीज घेत नाही. पावसाळ्यात तपासलं असतं तर हाच पाईप चांगला दिसला असता, पण वीज पडायला सुरुवात होते ती जमीन सर्वात कोरडी असताना.

मग तीन-तीन मीटरच्या दोन सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर, खालच्या ओलीपर्यंत ठोकल्या आणि पट्टीने जोडल्या. आकडा 8 वर आला. हिशेब करा: 20 हजार अँपिअरचा झटका 60 ओहमवर 12 लाख व्होल्ट उभे करतो, 8 वर 1 लाख 60 हजार. तरी तो लहान नाही. म्हणून पत्रा, पॅनलची चौकट, इन्व्हर्टर आणि पंपाचं अर्थिंग सगळं एकमेकांना जोडायचं. वेगवेगळं ठेवलं तर त्यांच्यातला फरक वीज उडी मारून भरून काढते, आणि जळतो तो इन्व्हर्टर. त्याच्या दोन्ही बाजूंना, पॅनलकडे आणि घरच्या लाइनकडे, सर्ज रोखणारी डबी लावा.

वरची सळई पॅनलच्या उत्तरेला उभी करा, म्हणजे सावली कमी पडते. तिच्यापासून निदान दोन पट्ट्या शेडच्या समोरासमोरच्या टोकांनी खाली आणा. पट्टीला काटकोनात वळवू नका, अलगद वाकवा.

आपल्याकडे खारी हवा. तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या चौकटीला थेट टेकली की सांधा पांढरा भुगा धरतो आणि सुटतो. मध्ये कथील चढवलेला लग आणि स्टेनलेस बोल्ट वापरा. दर मे महिन्यात बोल्ट आवळा, मीटर लावा.

माझं मत स्पष्ट आहे: फिटरला शेवटचा हप्ता मे महिन्यातल्या मीटरचा आकडा बघूनच द्या.

आणि एक. ही सगळी सोय शेडची. बागेत असताना आवाज ऐकला की चिकूखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप मोबाइलवर ठेवा.

तुमच्या शेडचा आकडा किती आला, खाली लिहा.