सोडत जाहीर, यादी मात्र घरातली

देवस्थान ट्रस्टच्या सचिवांचे पत्र मला नुकतेच आले. गाव पश्चिम महाराष्ट्रातले. माझ्या संशोधनाचा भाग म्हणून मी त्यांना विचारले होते, की यात्रेतल्या कामांच्या पाळ्या कशा ठरतात. उत्तर सभ्य आणि स्वच्छ टाइप केलेले होते. दरवर्षी देवळासमोर जाहीर सोडत होते, घागरीत चिठ्ठ्या टाकतात, लहान मूल चिठ्ठी काढते, नाव लाउडस्पीकरवर पुकारले जाते, म्हणून पक्षपाताचा प्रश्नच येत नाही, असा त्याचा आशय. मला ते खोटे वाटत नाही. चिठ्ठीत लबाडी होत नसेलही. माझा आक्षेप घागरीच्या आधी जे घडते त्याला आहे.

पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात सहज येऊन गेले आहे, की सोडत "नोंदीतील मानकरी घराण्यांमधून" निघते. अशी घराणी २८. कामे चार: महापूजा, पालखीचा पहिला खांदा, नैवेद्य आणि महाप्रसादाची पंगत. म्हणजे यादीतल्या घराला सरासरी सात वर्षांतून एकदा मान मिळणार. आमच्या वस्तीतल्या घराला सात नाही, सत्तर वर्षांतही मिळणार नाही, कारण त्याच्या नावाची चिठ्ठीच नाही. घागर कितीही हलवा, आत नसलेले नाव बाहेर येत नाही.

यात्रेत आणखीही कामे असतात. हलगी वाजवणे, देवळाचा परिसर झाडणे, पंगतीनंतर उष्ट्या पत्रावळी उचलणे. त्यांच्याबद्दल पत्रात एवढेच आहे, की ती "परंपरेप्रमाणे" होतात. परंपरेप्रमाणे म्हणजे कोणत्या गल्लीतून माणूस बोलवायचा, हे वाचकाला सांगायला नको. मानाच्या कामाला नशीब आणि उष्ट्याच्या कामाला जात, अशी ही वाटणी आहे. समान संधीवर एवढा विश्वास असेल तर पत्रावळी उचलण्याचीही चिठ्ठी टाकावी.

हा प्रकार एका गावापुरता नाही. केरळातल्या शबरीमला देवळाचे मुख्य पुजारी, म्हणजे मेलशांती, एका वर्षासाठी सोडतीनेच निवडले जातात. ऑक्टोबरच्या मध्यात, मल्याळी तुलाम महिन्याच्या पहिल्या दिवशी, गाभाऱ्यासमोर दोन भांडी ठेवतात. एकात मुलाखतीतून पात्र ठरलेल्या उमेदवारांची नावे, दुसऱ्यात तेवढ्याच चिठ्ठ्या. त्यांतल्या एकीवर पदाचे नाव, बाकीच्या कोऱ्या. पंदळम राजघराण्यातले मूल दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढत जाते आणि ज्या नावाबरोबर पदाची चिठ्ठी येते तो पुजारी. सगळे उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. पण त्रावणकोर देवस्वम मंडळाच्या जाहिरातीतच अट आहे, की अर्जदार मल्याळी ब्राह्मण हवा. मंत्र, तंत्र, पूजाविधी उत्तम जाणणारा इतर जातीचा पुजारी पहिल्या भांड्यापर्यंत पोचतच नाही.

गंमत अशी, की याच मंडळाने २०१७ साली दलितांसह ब्राह्मणेतर पुजारी इतर देवळांत नेमले. त्याआधी २००२ साली, आदित्यन खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ब्राह्मणेतर पुजाऱ्याची नेमणूक वैध ठरवली होती. तरीही शबरीमलाच्या अटीविरुद्धच्या याचिका केरळ उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळल्या. दार लहान देवळांत उघडते, मोठ्या देवळात अडते. त्या दारावर सोडतीचा पडदा असला की भांडण पुजाऱ्याच्या जातीवर न होता चिठ्ठी कुणी काढली यावर होते.

म्हणून असे पत्र हाती आले तर चिठ्ठीबद्दल विचारू नये, यादीबद्दल विचारावे. मी सचिवांना उलट लिहिले: २८ घराण्यांची यादी कोणत्या सभेत, कोणत्या ठरावाने झाली? शेवटचे नवे नाव कधी जोडले? सोडतीबाहेरची कामे कोण करते, आणि मजुरी मिळते का? हे सगळे ट्रस्टच्या सभांच्या इतिवृत्तात असायला हवे. ट्रस्ट सार्वजनिक असेल तर परिशिष्ट एकचा उतारा आणि मंजूर योजना असल्यास तिची प्रत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नक्कल म्हणून मागता येते. तिथे विश्वस्त कोण आणि ते कसे नेमायचे हे कळते. मानकऱ्यांचा त्यात उल्लेख असेलच असे नाही, आणि नसेल तर तीही आपल्या कामाची माहिती आहे: मग यादी योजनेतून आलेली नाही, ट्रस्टच्या वहिवाटीतून आली आहे. ठरावाने आलेली यादी पुढच्या सभेत ठरावाने बदलता येते. ठरावच नसेल, तर विश्वस्तांना तो आता लेखी करावा लागेल आणि वगळलेल्या घरांचे कारणही लिहावे लागेल. ते कारण कागदावर कसे लिहितात, हे मला वाचायचे आहे.