'अग्रगण्य' म्हणजे नेमकं कितवा?

मोठी पोस्ट आहे, पण घर घेणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या गावातल्या एका बिल्डरचं विकिपीडियावरचं पान परवा वाचलं. नाव घेत नाही. कारण हे एकट्याचं नाही, दूध संघापासून क्लासवाल्यांपर्यंत सगळ्यांची पानं अशीच आहेत. मजकूर असा:

"ही महाराष्ट्रातील अग्रगण्य व विश्वासार्ह बांधकाम कंपनी असून गेली २५ वर्षे हजारो समाधानी कुटुंबांचे स्वप्न साकार करत आहे. दूरदृष्टीचे संस्थापक मा. साहेबांच्या कुशल नेतृत्वाखाली आम्ही गुणवत्तेशी कधीही तडजोड केली नाही. कंपनीला अनेक राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आहेत."

हा ज्ञानकोश की चौकातला फ्लेक्स? ज्ञानकोशात 'आम्ही' कोण बोलतंय? आणि हाच मजकूर गूगलवर कंपनीचं नाव टाकलं की बाजूच्या चौकटीत दिसतो. माणूस म्हणतो, विकिपीडियावर आहे म्हणजे खरं असणार. आणि टोकन देऊन मोकळा होतो.

काही जण म्हणतात, चार विशेषणं काढा, झालं तटस्थ. नाही होत! 'अग्रगण्य' काढलं तरी 'हजारो कुटुंबं' उरतातच. म्हणून प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे कंपनीशिवाय दुसरं कोण सांगतंय?

'२५ वर्षे' घ्या. कंपनी खात्याच्या नोंदीत स्थापना २००४ ची. त्याआधी साहेब एकट्याच्या नावावर कामं घेत असतील, पण त्याला पुरावा हवा. शिवाय 'गेली २५ वर्षे' हे वाक्य दर वर्षी खोटं होत जातं, साल लिहिलं की ते कायम खरं राहतं. 'हजारो कुटुंबं' घ्या. महारेराच्या संकेतस्थळावर कंपनीचे तीन प्रकल्प सापडले, सदनिका मिळून २१२. समाधानी किती, याची नोंद कुठेच नाही. पुरस्कारांच्या बातम्या उघडल्या तर दोन्ही पानांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' छापलेलं. पैसे देऊन छापलेली स्तुती हा पुरावा नव्हे, म्हणून ते वाक्य गेलं. 'मा.' आणि 'साहेब' पण गेले. ज्ञानकोशात पंतप्रधानांनाही 'मा.' लागत नाही.

आता खरी मेख. जाहिरात फक्त लिहिलेल्या शब्दांत नसते, न लिहिलेल्या गोष्टींतही असते. त्याच महारेराच्या पानावर एका प्रकल्पाची पूर्ण करण्याची तारीख डिसेंबर २०२१ होती, ती पुढे जून २०२४ झाली. हे विकिपीडियावर नव्हतं.

इथे माझाही पाय घसरला. माझी मावसबहीण त्याच प्रकल्पात पैसे अडकवून बसली होती. रागाच्या भरात मी मसुद्यात 'ग्राहकांची फसवणूक' असं लिहिलं. अर्ध्या तासाने खोडलं. तारीख पुढे गेली, एवढंच नोंद सांगते. फसवणूक झाली की नाही हे ठरवणं माझं काम नाही. तसा निकाल लागला आणि तो नीट छापून आला तर जरूर लिहावं. तोवर माझी शिवीसुद्धा त्यांच्या 'अग्रगण्य'इतकीच खोटी. आणि माझा संबंध होता म्हणून मी लेखाला हात न लावता चर्चा पानावर नातं सांगून मसुदा ठेवला. दुसऱ्या एका संपादकाने तपासून तो लेखात घेतला:

"ही बांधकाम कंपनी असून तिची नोंदणी २००४ साली झाली. महारेराच्या नोंदीनुसार तिचे तीन प्रकल्प असून त्यांत २१२ सदनिका आहेत. एका प्रकल्पाच्या पूर्णत्वाची तारीख डिसेंबर २०२१ वरून जून २०२४ करण्यात आली."

दोन दिवसांत तीनदा जुना मजकूर परत आला. टाकणाऱ्या खात्याचं नाव काय, तर कंपनीचंच! पगारावर लिहीत असाल तर कोणासाठी ते जाहीर करा, असा विकिपीडियाचा नियम २०१४ पासून आहे. जाहीर काही केलं नाही, उलट मला निरोप आला, "आपल्याच गावच्या माणसाचे पाय कशाला ओढता?"

अहो, पाय कुठे ओढले? एक तरी वाक्य खोटं आहे का दाखवा, मी चर्चा पानावर जाहीर माफी मागतो. कौतुक करायचं तर स्वतःची वेबसाइट आहे, फ्लेक्स आहेत, ढोलताशे आहेत. ज्ञानकोश सगळ्यांचा आहे, तिथे तुमच्या मांडवाला परवानगी नाही.

आणि एक सरळ सांगतो. विशेषणं काढल्यावर जी दोन-तीन वाक्यं उरतात, ती सगळी सरकारी नोंदीतली असतील आणि बाहेरच्या कुणीच कंपनीबद्दल स्वतःहून काही लिहिलेलं नसेल, तर ते पान मुळात असूच नये. या पानाचंही तेच व्हावं, असं मी चर्चा पानावर लिहिलंय.

तुम्ही एवढंच करा. टोकन देण्याआधी त्या पानाचा 'इतिहास पहा' उघडा आणि मजकूर कुणी लिहिलाय ते बघा. मग महारेरावर तारीख बघा. चेक त्यानंतर फाडा.