एचपीव्ही लस: मुलाला द्यावी का, आणि तिशीनंतर घेऊन किती फायदा उरतो?

फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्यास प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. तेव्हापासून दवाखान्यात मुलीला घेऊन येणारी आई निघता निघता आणखी दोन प्रश्न विचारते. "डॉक्टर, हिच्या भावालाही द्यायची का? आणि मी अडतीस वर्षांची आहे, मी घेऊ का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरे एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत. ही लस एचपीव्हीचा नवा संसर्ग रोखते. शरीरात आधीच शिरलेला विषाणू ती घालवत नाही, आणि त्या विषाणूमुळे पेशींत झालेले बदलही मागे फिरवत नाही. कोस्टा रिकामध्ये संसर्ग आधीपासून असलेल्या तरुणींवर हे तपासून पाहिले गेले. वर्षभराने ज्यांना ही लस दिली होती त्यांच्यातील आणि ज्यांना दिली नव्हती त्यांच्यातील संसर्ग जवळजवळ सारख्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे निम्म्या जणींमध्ये, आपोआप गेलेला होता. लसीने त्यात काहीच भर घातली नाही.

म्हणून "माझे वय किती?" यापेक्षा "माझा या विषाणूशी संबंध येऊन गेला असण्याची शक्यता किती?" हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. एचपीव्ही लैंगिक संबंधांतून पसरतो आणि बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी, बहुधा संबंध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच, त्याची लागण होते. बहुतेक वेळा शरीर एक-दोन वर्षांत त्याला घालवते आणि आपल्याला कळतही नाही. वय वाढते तसा लसीचा फायदा घटतो, त्याचे मुख्य कारण लस कमजोर पडते हे नाही. रोखण्यासारखे कमी उरते, हे आहे.

तिशीनंतरचा आकडा कसा वाचायचा

२४ ते ४५ वर्षांच्या ३,८१९ स्त्रियांवर चार प्रकारांविरुद्धच्या (६, ११, १६ आणि १८) लसीचा एक मोठा अभ्यास झाला. सुमारे चार वर्षांनी निकाल आले, आणि त्यात दोन आकडे होते. पहिला सुमारे ८९ टक्के, दुसरा सुमारे ४७ टक्के. जाहिरातीत तुम्हाला बहुधा पहिला दिसेल.

दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला आकडा काढताना लसीचे तिन्ही डोस घेतलेल्या आणि सुरुवातीला त्या त्या प्रकाराचा संसर्ग नसलेल्या स्त्रियाच मोजल्या. दुसऱ्यात सगळ्या मोजल्या: ज्यांना आधीच संसर्ग होता त्या, आणि ज्यांचे डोस अर्धवट राहिले त्याही. दवाखान्यात येणाऱ्या अडतीस वर्षांच्या विवाहित स्त्रीला आधी काय होऊन गेले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे तिच्यासाठी दुसरा आकडा जास्त जवळचा आहे. सोप्या भाषेत, लस तिच्यातही काम करते, पण सरासरीने अर्धेच.

हा अर्धा फायदा कशाविरुद्ध, हेही पाहायला हवे. अभ्यासात टिकून राहिलेला संसर्ग, गर्भाशयमुखावरचे कर्करोगपूर्व बदल आणि गुप्तांगावरच्या चामखिळी हे सगळे एकत्र मोजले होते. प्रत्यक्ष कर्करोग मोजायला चार वर्षे पुरत नाहीत. संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षे जातात, आणि पन्नाशीत दिसणाऱ्या कर्करोगाचे मूळ बहुतेक वेळा तरुणपणी झालेल्या संसर्गात असते. अडतिसाव्या वर्षी होणारा नवा संसर्ग रोखल्याने त्यातला थोडाच भाग टळतो.

हे किती थोडे आहे, याचा अंदाज अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने २०१९ मध्ये मांडला. किशोरवयापासून २६ वर्षांपर्यंत चालू असलेल्या कार्यक्रमात कर्करोगाचा एक रुग्ण टाळण्यासाठी सुमारे २०० जणांना लस द्यावी लागते. ती ४५ वर्षांपर्यंत वाढवली, तर वाढीव एक रुग्ण टाळण्यासाठी सुमारे ६,५०० जणांना द्यावी लागेल. म्हणून समितीने २७ ते ४५ वयात सरसकट लस सुचवली नाही, डॉक्टरांशी बोलून ठरवा असे सांगितले. हा आकडा भारताला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तिथे तरुण पिढीत आधीच बऱ्याच जणांनी लस घेतली आहे आणि त्याचे संरक्षण इतरांनाही मिळते. पण दोन आकड्यांमधली दरी बोलकी आहे.

स्वीडनमधील मोठ्या अभ्यासातही हाच उतार दिसतो. १७ वर्षांच्या आधी लस घेतलेल्यांत गर्भाशयमुखाचा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी होता, तर १७ ते ३० या वयात घेतलेल्यांत ५३ टक्क्यांनी.

मग तिशीनंतर लस कोणासाठी?

बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा लग्न करणारी आणि आधी संबंध न आलेली स्त्री घ्या. तिचे वय जास्त असले तरी विषाणूशी भेट झालेली नाही, त्यामुळे तिला जवळजवळ पूर्ण फायदा मिळू शकतो. घटस्फोट किंवा वैधव्यानंतर नवे नाते जोडणाऱ्या स्त्रीलाही नव्या संसर्गाची शक्यता असते, तिनेही लसीचा विचार जरूर करावा. याउलट वीस वर्षे एकाच जोडीदाराबरोबर असलेल्या आणि जोडीदाराचेही बाहेर संबंध नसलेल्या स्त्रीला लसीतून मिळणारा फायदा अगदी थोडा आहे.

तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीला लसीपेक्षा जास्त काही देणारी गोष्ट म्हणजे तपासणी. याचा भक्कम पुरावा आपल्या मराठवाड्यातूनच आला आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील गावांमध्ये १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या स्त्रियांवर एक अभ्यास झाला. एका गटाची फक्त एकदा एचपीव्ही चाचणी केली आणि दोष सापडला तर उपचार केले. दुसऱ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. दोन्ही गटांत तीस हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. आठ वर्षांनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने चाचणीच्या गटात ३४ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले.

म्हणून खर्चाचा प्रश्न असेल, तर तिशीनंतर पैसे आधी एचपीव्ही चाचणीवर खर्च करा, लसीवर नंतर. लस घेतली तरी चाचणी टळत नाही, कारण १६ आणि १८ हे प्रकार मिळून जगभरात सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. बाकीचे इतर प्रकारांमुळे होतात.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. पुढची पायरी साधारणपणे कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी. दुसरी गोष्ट घरातल्यांनी ऐकण्यासारखी आहे. हा विषाणू वर्षानुवर्षे गप्प राहून पुन्हा चाचणीत दिसू शकतो. त्यामुळे आजच्या रिपोर्टवरून "कोणी, कधी, कोणाकडून आणला" हे ठरवता येत नाही. या एका कागदावरून नवरा-बायकोत संशय उभा राहिलेला मी पाहिला आहे, आणि त्याला वैद्यकीय आधार काहीही नव्हता.

मुलाचा प्रश्न वेगळा का आहे

चौदा वर्षांच्या मुलाचा विषाणूशी संबंध बहुधा आलेला नसतो. म्हणजे आईच्या बाबतीत जे हातातून निसटले आहे, ते मुलाच्या बाबतीत अजून शाबूत आहे. १६ ते २६ वर्षांच्या ४,०६५ पुरुषांच्या अभ्यासात, संसर्ग नसलेल्यांमध्ये गुप्तांगावरच्या गाठी व चामखिळी सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाल्या. सगळ्यांना मोजले तेव्हा हा आकडा सुमारे ६५ टक्क्यांवर आला. इथेही तोच धडा आहे: संबंध सुरू होण्याआधी घेतली तर फायदा जास्त.

मुलाला स्वतःला काय मिळते? चामखिळींपासून आणि गुदद्वार, शिश्न व घशाच्या काही कर्करोगांपासून संरक्षण. या कर्करोगांसाठी पुरुषांची नियमित चाचणी होत नाही, त्यामुळे पुढे लवकर ओळखण्याचा मार्गही फारसा नाही. पण मर्यादाही मोठी आहे. आपल्याकडे पुरुषांचे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग प्रामुख्याने तंबाखू आणि गुटख्यामुळे होतात, आणि त्यांवर ही लस काम करत नाही.

मुलाच्या लसीमुळे त्याच्या पुढच्या जोडीदारालाही संरक्षण मिळते. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून शाळांमध्ये मुलांनाही लस द्यायला सुरुवात केली. तरी घरात एकालाच लस देणे परवडत असेल, तर आधी मुलीला द्या. तिचा धोका त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

एका घराचा हिशोब

आई ३८ वर्षांची, मुलगी १३, मुलगा १४ वर्षे १० महिने. मुलीचा पहिला डोस आज आणि दुसरा सहा महिन्यांनी. मुलाच्या बाबतीत तारीख पाहा. पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅक ही लस ९ ते २६ वर्षांच्या मुली आणि मुले दोघांसाठी मंजूर आहे. पंधराव्या वाढदिवसाआधी पहिला डोस घेतला, तर दोन डोस पुरतात. नंतर सुरू केली, तर तीन लागतात. त्यामुळे घ्यायचे ठरले असेल तर मुलाला याच दोन महिन्यांत आणा. डोसनंतर दोघांनाही पंधरा मिनिटे बसवून ठेवा. या वयात इंजेक्शननंतर भोवळ येणे सर्रास घडते.

आईने एचपीव्ही चाचणी करून घ्यावी. निगेटिव्ह आली तर साधारण पाच वर्षांनी पुन्हा. लस घ्यायचीच असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे की हातातली लस कोणत्या वयापर्यंत मंजूर आहे. सर्व्हाव्हॅकची मंजुरी २६ पर्यंतच आहे. एका डोसवर भागते असे तुम्ही ऐकले असेल, पण जागतिक आरोग्य संघटनेने तो पर्याय ९ ते २० वयासाठीच दिला आहे. तिशीनंतर लसीच्या माहितीपत्रकाप्रमाणे पूर्ण डोस घ्यावे लागतात. गर्भारपणात लस घेऊ नये, स्तनपान चालू असेल तर चालते. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर वरचा हिशोब बदलतो. डोस आणि चाचण्यांमधले अंतर तुमच्या डॉक्टरांकडून वेगळे ठरवून घ्या.