प्रवास १५,००० : कशासाठी?

आमचा अर्ज महाविद्यालयाच्या संशोधन समितीकडून परत आला तेव्हा त्यावर लाल पेनाने एकच शेरा होता. 'प्रवास : १५,००० रुपये' या ओळीसमोर लिहिलं होतं, 'कशासाठी?' मला आधी रागच आला. कशासाठी म्हणजे? प्रवासासाठी! सत्तरीतल्या गावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या होत्या, आणि सत्तरी काही आमच्या होस्टेलच्या मागे नाही.

राग ओसरल्यावर बजेट जस्टिफिकेशनचं पान पुन्हा वाचलं. पाच ओळी होत्या. उपकरणे १८,०००, प्रवास १५,०००, सेवा १०,०००, पुस्तके ७,०००, आकस्मिक खर्च १०,०००. प्रत्येकीपुढे एक वाक्य, आणि वाक्यात तोच शब्द फिरवून लिहिलेला: 'क्षेत्रभेटींच्या प्रवासासाठी', 'आवश्यक उपकरणांसाठी'. बेरीज बरोबर ६०,०००, कारण अनुदानाची मर्यादा ६०,००० होती. आम्ही आधी बेरीज ठरवली आणि मग ती पाच जणांत वाटून दिली. वर्गातल्या अर्ध्या प्रकल्पांची अंदाजपत्रकं अशीच झाली असतील, पैजेवर सांगते.

दुरुस्ती करताना आमच्या मॅडमनी एक साधी गोष्ट करायला लावली. कोऱ्या कागदावर आडव्या ओळींत आम्ही करणार असलेली कामं लिहायची: पहिली ओळखभेट, ध्वनिमुद्रण, लिप्यंतर, गाणाऱ्या बायकांकडून पडताळणी, शेवटी पुस्तिका. उभ्या रकान्यांत फॉर्ममधली तीच पाच शीर्षं. मग एकेका चौकोनात विचारायचं की या कामासाठी या शीर्षाखाली नेमकं काय लागतं. रकान्यांची बेरीज फॉर्ममध्ये जाते, आडवी ओळ समर्थनात. ऐकायला कारकुनी वाटतं, पण त्या संध्याकाळी आमचा अख्खा प्रकल्प बदलला.

सुरुवात ध्वनिमुद्रणाच्या ओळीतून झाली. तीन गावं, प्रत्येकी चार बैठकी, कदंबाच्या बसने सकाळी जायचं, दुपारी परत यायचं, असं डोक्यात होतं. आमच्यातल्या एकीची मावशी त्यातल्याच एका गावात राहते. तिला फोन लावला. ती हसली. म्हणाली, "फेब्रुवारी-मार्चात दिवसाचं कोण गावतलं तुमकां? सगळी काजूत असतात. तिन्हीसांजेला या." अनुदान मार्चअखेर संपणार, म्हणजे महिने बदलता येत नव्हते. बैठकी रात्री आठनंतरच्या. त्या वेळी परतीची बस नाही. म्हणजे गाडी ठरवावी लागणार, आणि गाडीवाल्याने जाणं, थांबणं, येणं मिळून १,८०० सांगितले. तीन गावं गुणिले चार बैठकी गुणिले १,८००, म्हणजे २१,६००. एवढे पैसे फक्त गाडीला!

इथे दोन वाटा होत्या. एक, अर्जात तीन गावं तशीच ठेवायची, १५,००० तसेच ठेवायचे आणि पुढचं पुढे बघू म्हणायचं. दुसरी, एक गाव सोडायचं. आम्ही गाव सोडलं. दोन गावं, आठ बैठकी, गाडीचे १४,४००. दिवसा करायच्या ओळखभेटी आणि पडताळणीच्या भेटी मिळून चार, प्रत्येक वेळी दोघी, बसने माणशी जाऊन-येऊन १५०, म्हणजे १,२००. एकूण १५,६००. गंमत बघा, आकडा जवळजवळ पूर्वीचाच आला. पण आता समितीतल्या कोणी म्हटलं की यातले ५,००० कापा, तर आम्ही विचारू शकत होतो की कुठल्या गावातल्या कुठल्या बैठका कापायच्या. 'बजेट फुगवूनच मागायचं, ते कापतातच' हा सीनियर्सचा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. मोघम आकडा कापायला सोपा असतो, कारण कापल्याने काय जाणार हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

उपकरणांच्या रकान्यात उलटा प्रकार झाला. ९,५०० चा रेकॉर्डर आणि दोन टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क, ८,५०० च्या. डिस्क का? कारण 'आर्काइव्ह' म्हटलं की डिस्क लागतेच, असं वाटलं होतं. ध्वनिमुद्रणाच्या ओळीशी तो खर्च बांधायला गेलो आणि हिशोब केला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, न दाबलेली फाइल तासाला साधारण एक जीबी होते. आठ बैठकी, प्रत्येकी दोन तास, म्हणजे सोळा तास, सतराएक जीबी. त्यासाठी चार टेराबाइट! ६४ जीबीची दोन कार्डं आणि प्रती ठेवायला दोन पेनड्राइव्ह, २,४०० मध्ये भागलं.

रेकॉर्डरचं मात्र गुणाकाराने समर्थन होत नाही. बैठकी आठच्या सोळा झाल्या तरी रेकॉर्डर एकच लागतो. तिथे कारण लिहावं लागतं: मोबाइलमध्ये जात्याची घरघर आवाजावर चढते आणि ओवीचं शेवटचं अक्षर कळत नाही, म्हणून बाहेरचा माइक जोडता येणारं यंत्र. मी आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारते: हे काम एकाने वाढलं तर हा आकडा कितीने वाढेल? उत्तर असलं तर आकडा कामाशी बांधलेला आहे. उत्तर 'शून्य' असलं तरी चालतं, फक्त मग वस्तू का हवी ते वाक्यात सांगायचं. उत्तरच नसलं तर तो आकडा हवेतला. आणि हेही सांगते की याचा अतिरेक होतो. आमच्यातला एकजण पेनांचा खर्चसुद्धा पाच कामांत वाटत बसला होता. त्याला थांबवलं.

लिप्यंतराचा अंदाज काढायला आम्ही मावशीच्याच आवाजातल्या दहा मिनिटांवर बसलो. सत्तर मिनिटं लागली. सोळा तासांत निम्म्या गप्पा धरल्या तर आठ तास ओव्या, सातपट म्हणजे छप्पन्न तास, तासाला १५० प्रमाणे ८,४००. हे 'सातपट' आम्ही समर्थनात तसंच लिहिलं, कसं काढलं त्यासह.

सगळ्यात अवघड चौकोन पुढचाच होता. ध्वनिमुद्रण हे प्रकल्पाचं मुख्य काम, आणि त्या ओळीत गाडीला पैसे, यंत्राला पैसे, आणि गाणाऱ्या बायकांच्या चौकोनात काहीच नाही. पहिल्या अर्जात त्या कुठे होत्या? 'आकस्मिक खर्च'मध्ये, चहापाणी म्हणून. शीर्षवार लिहिलं तेव्हा हे कोणालाच दिसलं नव्हतं, मलाही नाही. विभागातले एक सर म्हणाले, "त्या पैशांसाठी गात नाहीत. पैसे दिले तर त्यांना वाईट वाटेल." असेल. पण दिवसभर काजू वेचून आलेली बाई रात्री दोन तास आपल्यासाठी बसते, आणि तिला घरी सोडून निघालेल्या ड्रायव्हरला तेवढे पैसे मिळतात, हे मला कागदावर बघवेना. आम्ही प्रत्येक बैठकीला तिघींना माणशी ४०० मानधन धरलं, ९,६००. दर ओवीमागे नाही, बैठकीमागे. ओवीमागे दिलं असतं तर आकडा वाढवण्यासाठी त्याच त्याच ओव्या येत राहिल्या असत्या, आणि आठवत नसलेली ओवी शोधत गप्प बसण्याचा वेळ, जो खरं तर मोलाचा, तो फुकट गेला असता.

आकस्मिक खर्च १०,००० वरून ३,००० वर आणला. एक बैठक फुकट गेली तर ती पुन्हा घ्यायला किती लागतील, एवढाच तो आकडा: गाडी १,८०० आणि मानधन १,२००. पुस्तकं ७,००० वरून १,३०० वर आली, कारण आमच्या ग्रंथालयात नसलेली आणि खरोखर लागणारी दोनच निघाली. ३० पुस्तिकांची छपाई २,७००. एकूण ५२,५००. कमाल मर्यादेपेक्षा साडेसात हजार कमी मागताना हात जरा थरथरला, हे कबूल करते.

समितीने मानधनावर विचारलं, निम्मं नाही का चालणार. आमच्या मॅडमनी ती आडवी ओळ पुढे सरकवली आणि म्हणाल्या की निम्म्यात चार बैठकी होतील, म्हणजे एकच गाव, आणि दोन गावांच्या ओव्यांची तुलना हा तर प्रकल्पाचा विषय आहे. मानधन राहिलं. पुस्तिकांचे २,७०० मात्र कापले, 'हा संशोधनाचा भाग नाही' असा लेखी शेरा मारून.

एका रात्री खरंच बैठक फुकट गेली. आम्ही पोचलो तर वाड्यावर कोणीतरी वारलं होतं. तसेच परतलो. गाडीचे १,८०० दुसऱ्यांदा लागले, पण त्या रात्रीचं मानधन दिलेलंच नव्हतं, त्यामुळे आकस्मिकमधले १,२०० तसेच उरले. आमचा गुणाकार तिथे चुकला होता. ते परत केले.

राहिल्या पुस्तिका. त्या आम्ही शेवटच्या ओळीत, 'वाटप' या कामाखाली घातल्या होत्या, जणू निरोपाची भेट. पण मार्चमध्ये पडताळणीला गेलो तेव्हा लिप्यंतराची झेरॉक्स स्वतःच्या पैशाने काढून नेली. आजींना वाचता येत नाही. नववीतली नात मोठ्याने वाचत होती आणि आजी मध्येच हात वर करून म्हणत होती, "तसं न्हय, बाय," आणि शब्द बदलत होता. एका दुपारी अकरा ठिकाणी दुरुस्त्या झाल्या. छापलेला कागद हातात नसता तर त्यातली एकही झाली नसती. म्हणजे तो खर्च पडताळणीच्या ओळीतला होता, आणि समितीने कापला तो आमच्या चुकीच्या ओळीमुळे. फक्त ३० प्रती लागल्या नसत्या. सहा पुरल्या असत्या, नव्वदच्या भावाने ५४०.