नफा साहेबांचा, तोटा भागधारकांचा?

साहेबाला शेअर दिले की तो मालकासारखा विचार करील, असे आपल्याला सांगितले जाते. आम्ही विचारतो, मालकाचा तोटाही तो वाटून घेतो का?

सांगली-कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांसाठी 1943 साली रत्नाकर बँक उभी राहिली. 2010 नंतर नवे व्यवस्थापन आले, पगारासोबत स्टॉक ऑप्शन आले आणि बँकेचे नाव आरबीएल झाले. 2016 मध्ये शेअर 225 रुपयांना बाजारात आला. 2019 मध्ये तो 600 च्या वर गेला आणि जून 2022 मध्ये शंभराच्या खाली आला.

आता हिशोब मांडू. समजा एका अधिकाऱ्याकडे 225 रुपयांना 10,000 शेअर घेण्याचा हक्क आहे. भाव 600 असताना त्याने ते घेऊन विकले, तर 37 लाख 50 हजार रुपये सुटले. त्याच दिवशी मिरजेच्या एका शिक्षकाने 60,000 रुपयांचे 100 शेअर घेतले. तीन वर्षांनी त्यांचे 10,000 सुद्धा उरले नाहीत. अधिकाऱ्याने हक्क वापरलाच नसता तरी त्याच्या खिशातून एक रुपया गेला नसता. शेअर हातात असणे आणि शेअर घेण्याचा हक्क असणे, यातला फरक हाच.

या बँकेत कुणी ऑप्शनसाठी मुद्दाम काही केले, असा आमचा आरोप नाही. आमचा आक्षेप रचनेवर आहे. कर्ज वाटले की व्याज याच तिमाहीत दिसते, ते बुडाले हे मात्र दोन-तीन वर्षांनी कळते. मधल्या काळात भाव चढतो. ज्याचा ऑप्शन याच काळात पिकतो, त्याला कर्ज जपून देण्यापेक्षा भरभर वाटणे फायद्याचे ठरते. विनातारण कर्जात हा धोका सर्वात मोठा. तिथे वसुलीचा तगादा शेवटी आपल्याच वस्तीतल्या बायकांच्या दारात येतो.

सेबीचा नियम ऑप्शन दिल्यापासून तो पिकेपर्यंत किमान एक वर्ष मागतो. कर्जाची खरी परीक्षा व्हायला एवढा काळ पुरत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2019 मध्ये खासगी बँकांसाठी नियम कडक केले. मुख्याधिकाऱ्याच्या कामगिरीशी जोडलेल्या मोबदल्यात ऑप्शन धरले गेले. त्यातला किमान 60 टक्के भाग तीन वर्षे वा अधिक काळात विभागून द्यायचा आणि कर्जे बिघडली तर तो रोखण्याची वा परत घेण्याची तरतूद ठेवायची. हे योग्यच झाले, पण हा नियम बँकांपुरता आहे. इतर बहुतेक कंपन्यांत हे संचालक मंडळाच्या मर्जीवर आहे.

म्हणून कुणाकडे शेअर असतील, त्याने वार्षिक अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात: ऑप्शन किती वर्षांनी पिकतो, घेतलेले शेअर काही वर्षे विकायला बंदी आहे का आणि दिलेला पैसा परत घेता येतो का. तिन्हींची उत्तरे पोकळ असतील, तर साहेब मालक झालेला नाही. तो फक्त नफ्यातला भागीदार आहे.