थ्रॉटल कंट्रोलर लावला की गाडी खरंच जोरात पळते?

‘पिकअप वाढवा’ असं सांगून हा छोटा डबा विकला जातो. माझ्या मते हा दावा फसवा आहे. इंजिनाची ताकद तेवढीच राहते, फक्त पेडल उतावीळ होतं.

आजच्या बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला केबल नसते. पेडल किती दाबलं, हे सेन्सर व्होल्टेजमधून इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो. कंट्रोलर या दोघांच्या मध्ये बसतो आणि आकडा फुगवतो. समजा, तुम्ही पेडल ३० टक्के दाबलं, तर तो ५० टक्के सांगतो. गाडी झेपावते, आपण खूश! पण पाय थोडा जास्त दाबला असता, तर हीच झेप फुकट मिळाली असती. १०० टक्क्यांपुढे सांगायला त्याच्याकडे काहीच नसतं. त्यामुळे पेडल तळाला टेकवलं की ० ते १०० किमीची वेळ जवळपास तेवढीच राहते. टर्बो लॅगही जात नाही.

ट्रॅफिकमध्ये स्पोर्ट मोडवर गाडी हिसके खाते, ते वेगळंच. शिवाय पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. त्यांचा मेळ बिघडला तर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाऊन रखडते.

सुरुवातीचं ढिलं पेडल खुपत असेल, तर घ्या. ओव्हरटेकसाठी घेत असाल, तर आधी एक गिअर खाली टाकून बघा.